जखम भरली, आग राहिली

दुखणे सांगायला मराठीत शब्दांची उणीव नाही. गळू पिकले की ठणका लागतो, पोटात कळ येते, कंबरेत उसण भरते, किडक्या दातातून चमक जाते. हात मिरचीचा असला आणि डोळ्याला लागला, तर मात्र आपण ‘दुखते’ असे म्हणत नाही; ‘आग होते’ म्हणतो. हे शब्द आपण सवयीने वापरतो, पण त्यांत शरीराविषयीची बरीच माहिती दडलेली असते. या लेखात आपल्याला त्यांतल्या ‘आग’ या एकाच शब्दाचा माग काढायचा आहे.

ऑपरेशन झालेल्या काही माणसांची एक तक्रार असते. जखम वेळेवर भरलेली असते, टाके काढून महिने लोटलेले असतात, व्रणाची रेघ कोरडी आणि स्वच्छ असते. पण त्या रेघेच्या आसपास सतत आग होते. कपडा घासला तरी सोसवत नाही. घरचे म्हणतात, “जखम तर बरी झाली, मग आता काय होतंय?” पाहणाऱ्याला काही दिसत नाही, म्हणून माणूस कांगावखोर ठरतो किंवा ‘मनाचे खेळ’ असा शिक्का बसतो. आगीचे कारण बहुधा जखमेत नसून जखमेतून गेलेल्या चेतातंतूत असते. हे कळायला वैद्यकाला जवळजवळ चारशे वर्षे लागली. त्याची गोष्ट फ्रान्सच्या एका राजापासून सुरू होते.

नववा शार्ल याने १५६० ते १५७४ या काळात फ्रान्सवर राज्य केले. एकदा त्याला ताप आला आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे दंडाची शीर टोचून रक्त काढायचे ठरले. टोचताना शीर चुकली आणि पात्याचे टोक शेजारच्या चेतातंतूला लागले. राजा ओरडला. पुढे हात सुजला, वाकवता येईना की सरळ करता येईना, आणि टोचल्याची जागा एवढीशी असून वेदना साऱ्या हातभर पसरली. राजाचा शल्यविशारद आंब्रुआझ पारे याने ही हकिकत लिहून ठेवली आहे. राजाला बरे व्हायला सुमारे तीन महिने लागले. आपल्या दृष्टीने या हकिकतीतल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. जखम अगदी लहान होती आणि दुखणे मोठे होते. शिवाय इजा शत्रूच्या तलवारीने झाली नव्हती. ती उपचार करणाऱ्याच्या हातून झाली होती. यातली पहिली गोष्ट पुढच्यांच्या लक्षात राहिली. दुसरी मात्र फार काळ मागे पडली.

चेतातंतू म्हणजे बोलीभाषेतली ‘नस’. रक्तवाहिनीलाही आपण नसच म्हणतो, त्यामुळे गोंधळ होतो. रक्तवाहिनी ही पोकळ नळी असते. चेतातंतू हा हजारो सूक्ष्म धाग्यांचा जुडगा असतो आणि प्रत्येक धागा त्वचेच्या एका ठिकाणाहून निघून पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूपर्यंत संदेश नेतो. हा संदेश वाचण्याची मेंदूची एक ठरलेली रीत आहे, आणि ती समजण्यासाठी पुण्याचे एक प्रसिद्ध ऑपरेशन उपयोगी पडते.

‘जंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये एक पत्र छापून आले. कावसजी नावाचा एक मराठा बैलहाक्या इंग्रजी सैन्याबरोबर होता. टिपूच्या सैनिकांनी त्याला पकडून त्याचे नाक कापले होते. पुण्याजवळ त्याच्या कपाळाची कातडी उलटवून खाली आणून नवे नाक तयार करण्यात आले. कातडीचा एक चिंचोळा पट्टा मूळ जागेशी जोडलेला ठेवत, म्हणजे तिला रक्त मिळत राही. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो कापत. या पत्रानंतर युरोपात अशी ऑपरेशने होऊ लागली, आणि तिथल्या शरीरशास्त्रज्ञांना एक गंमत आढळली. पट्टा जोडलेला असेपर्यंत नव्या नाकाला बोट लावले तर रोग्याला ते कपाळावर लागल्यासारखे वाटे! कातडी नाकावर आली होती, पण तिचे चेतातंतू अजून कपाळाचेच होते. म्हणजे संदेश वाटेत कुठे उठला हे मेंदूला कळत नाही. तो धागा मुळात ज्या जागेचा, त्याच जागेवरून निरोप आला असे तो धरून चालतो. पुढची सारी गोष्ट समजायला हा नियम लक्षात ठेवायला हवा.

आता धागा तुटला तर काय होते? ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने बेडकाच्या जिभेचा चेतातंतू कापून पाहिला आणि १८५० साली निष्कर्ष मांडले. कापलेल्या जागेपासून त्वचेकडे जाणारा भाग काही दिवसांत झिजून नष्ट होतो. पेशीशी जोडलेला वरचा भाग जिवंत राहतो. पुढे असेही दिसून आले की हा जिवंत भाग नव्याने वाढू लागतो, साधारणपणे दिवसाला एक मिलिमीटर. समोर जुनी वाट मोकळी सापडली तर तो पुन्हा त्वचेपर्यंत पोहोचतो. वाटेत व्रणाची दाट ऊती आडवी आली तर कोवळे फाटे तिथेच वेडेवाकडे गुंतून त्यांची गाठ बनते. या गाठीला न्यूरोमा म्हणतात. ती बनायला काही आठवडे ते काही महिने लागतात. ऑपरेशननंतर महिनाभर बरे वाटलेल्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आग का सुरू होते, याचे एक उत्तर या सावकाशीत आहे.

या आगीचे पहिले सविस्तर वर्णन अमेरिकेतील यादवी युद्धात झाले. फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन रुग्णालयात चेतातंतूंना इजा झालेले सैनिक एकत्र ठेवले होते. सायलस वीअर मिचेल, जॉर्ज मोरहाउस आणि विल्यम कीन या तिघांनी त्यांचा अभ्यास करून १८६४ साली पुस्तक लिहिले. गोळीची जखम भरून आलेली असे, पण तळहाताची किंवा पायाची भयंकर आग होई. काही सैनिक ओले फडके हाताभोवती गुंडाळून बसत, पाण्याची बाटली सतत जवळ बाळगत, काही तर बुटात पाणी ओतून घेत. वर्तमानपत्राची सळसळ झाली तरी वेदना वाढे. मिचेलने या दुखण्याला ‘कॉझाल्जिया’ हे नाव रूढ केले. ते ग्रीक शब्दांवरून बनवलेले आहे आणि त्याचा अर्थ ‘जळती वेदना’ असाच होतो. मिचेलच्या मुलाने, जॉन मिचेलने, यांतल्या काही सैनिकांना पुढे शोधून काढले आणि १८९५ साली त्यांची हकिकत प्रसिद्ध केली. तीस वर्षांनंतरही काहींचे दुखणे गेलेले नव्हते. मिचेलने पाहिलेले दुखणे ऑपरेशनच्या व्रणाच्या आगीहून फार तीव्र होते आणि आज त्याची गणना वेगळ्या गटात होते. पण ‘जखम भरल्यावरही चेतातंतू जळत राहू शकतो’ ही गोष्ट त्यानेच निर्विवादपणे पुढे आणली.

चेतातंतू हा निरोप्या. पाठवणाराच नाही, तर निरोप कुठून येतो? याचे उत्तर १९७४ साली पॅट्रिक वॉल आणि मायकेल गुटनिक यांच्या प्रयोगांतून मिळाले. त्यांनी उंदराच्या पायाचा चेतातंतू कापला, न्यूरोमा बनू दिला आणि त्यातल्या धाग्यांतून जाणारे विद्युतसंदेश मोजले. पायाला कोणी हात लावत नव्हते, तरी धागे आपणहून संदेश सोडत होते! हलक्या दाबानेही संदेशांची संख्या वाढे. पुण्याच्या नाकाचा नियम इथे लावून पाहा. गाठ व्रणाखाली आहे, पण धागा मुळात मांडीच्या त्वचेचा आहे. म्हणून माणूस म्हणतो ‘मांडी जळते’. मांडीवर काहीच सापडत नाही, तरी माणूस खोटे बोलत नसतो.

आगच का, हेही आता कळले आहे. उष्णता आणि भाजणे यांची बातमी देणारे धागे अगदी बारीक असतात. मिरचीतले कॅप्सेसिन याच धाग्यांवरच्या उष्णता ओळखणाऱ्या रेणूला चिकटते, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली दाखवले. मिरचीत तापमान नसते, तरी मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. न्यूरोमातले बारीक धागे असाच निरोप मिरचीशिवाय पाठवतात.

कपड्याचा स्पर्श का सोसवत नाही? क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली याचा उलगडा केला. बाहेरून वेदनेच्या संदेशांचा सतत मारा झाला की मेरुरज्जूतल्या पेशी स्वतःच अतिसंवेदनशील होतात. मग साध्या स्पर्शाचा निरोपही त्या वेदना म्हणून पुढे पाठवतात. म्हणजे बिघाड आधी व्रणात असतो, मग तो पाठीच्या कण्यातही जागा करतो. म्हणूनच केवळ व्रणावर मलम चोळून असे दुखणे अनेकदा आवरत नाही.

इतके सगळे कळले होते, तरी ऑपरेशनमुळे अशी वेदना किती जणांना राहते, हे कोणी मोजले नव्हते. क्रॉम्बी, डेव्हिस आणि मॅक्रे यांनी १९९८ साली ब्रिटनमधल्या दहा वेदना-दवाखान्यांतल्या ५,१३० रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. शंभरातल्या बावीस-तेवीस जणांच्या वेदनेला एखादे ऑपरेशन कारणीभूत होते. हा आकडा पाहून शल्यविशारद चकित झाले. याचे एक कारण असे की ज्याने ऑपरेशन केले, तो रोग्याला दोन-तीन आठवड्यांनी पाहून मोकळा होत असे. आग घेऊन रोगी पुढे वेगळ्याच दारात जाई. पारेने लिहिलेली दुसरी गोष्ट इथे पुन्हा वर आली. आता ऑपरेशननंतर तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या वेदनेला रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्वतंत्र नोंद मिळाली आहे.

हर्नियाच्या म्हणजे अंतर्गळाच्या ऑपरेशनात हा प्रश्न विशेष दिसतो. इटलीच्या एदुआर्दो बास्सिनी याने १८८० च्या दशकात जांघेची फट टाके घालून पक्की बंद करण्याची रीत बसवली. टाक्यांवर ताण येई आणि हर्निया पुन्हा उतरण्याची भीती राही. १९८० च्या दशकात अमेरिकेत लिक्टेनस्टाइन यांनी फटीवर प्लास्टिकची जाळी बसवण्याची पद्धत रूढ केली आणि ती भीती बरीच कमी झाली. तयार जाळी आपल्या खेड्यांतल्या रोग्यांना परवडणारी नव्हती. तेव्हा धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष मांडले. २०१६ साली युगांडातल्या एका तुलनात्मक चाचणीत अशी स्वस्त जाळी आणि महागडी जाळी यांच्यात वर्षभरात फारसा फरक दिसला नाही. हर्निया परत येणे असे आटोक्यात आले, तेव्हा मागे राहिलेली वेदना अधिक ठळक दिसू लागली. या ऑपरेशननंतर दहांतल्या सुमारे एकाला त्रासदायक वेदना दीर्घकाळ राहते. कामधंदा अडेल इतकी तीव्र वेदना त्याहून कमी जणांना होते. कारण जाळी महाग की स्वस्त हे नसून जागेची रचना हे आहे. जांघेत ऑपरेशनच्या वाटेवरच तीन बारीक चेतातंतू जातात. त्यांतला एखादा कापला जातो, ओढला जातो, टाक्यात सापडतो, किंवा पुढे जाळीभोवतीच्या व्रणात अडकतो. टाक्यात सापडला तर वेदना पहिल्या दिवसापासून तीव्र असते. न्यूरोमाची वेदना सावकाश येते.

आता हे प्रत्यक्ष कसे ओळखायचे ते एका उदाहरणाने पाहू. समजा, निफाड तालुक्यात गोदाकाठच्या सायखेड्याला कांद्याची पोती उचलणारे एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत. कार्तिकात त्यांच्या उजव्या जांघेचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. दहा दिवसांत जखम भरली. दीड महिन्याने व्रणापाशी आग होऊ लागली आणि ती मांडीच्या आतल्या बाजूला व अंडकोशापर्यंत पसरली. पायजम्याची नाडी सोसवत नाही म्हणून ते नाडी सैल ठेवतात. आता चैत्र लागला आहे.

फ्रान्समधील डॉक्टरांनी २००५ साली दहा प्रश्नांची एक सोपी परीक्षा प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘डीएन-४’. त्यातले सात प्रश्न शब्दांचे आहेत आणि तीन तपासणीचे. दर ‘होय’ला एक गुण, आणि चार किंवा अधिक गुण झाले तर वेदना चेतातंतूची असण्याची शक्यता बरीच. आमच्या गृहस्थांना विचारू या. आग होते का? होय. विजेचा झटका बसल्यासारखी चमक जाते? खोकताना जाते, होय. मुंग्या येतात? होय. टाचण्या टोचल्यासारखे वाटते? नाही. बधिरपणा वाटतो? होय. खाज सुटते? नाही. बोचऱ्या थंडीसारखी वेदना होते? नाही. हे चार गुण झाले. आता कापसाचा बोळा दोन्ही मांड्यांवर फिरवला, तर उजवीकडे व्रणाखाली स्पर्श कमी लागतो: एक गुण. टोकदार काडी हलकेच टेकवली, तर बोच कमी लागते: आणखी एक. व्रणाशेजारून मऊ कुंचला फिरवला, तर आग भडकते: आणखी एक. एकूण दहापैकी सात. एकाच भागात बधिरपणा आणि आग एकत्र नांदतात हे विचित्र वाटेल, पण तीच चेतातंतूच्या इजेची खूण आहे. त्वचेकडचे धागे झिजले म्हणून स्पर्श कळत नाही, आणि वरचे टोक संदेश सोडते म्हणून आग होते. बधिर भागाची हद्द पेनाने आखली तर ती जांघेतल्या एका ठराविक चेतातंतूच्या प्रदेशाशी जुळते. व्रणावर एका विशिष्ट जागी बोटाने ठोकले की मांडीत झिणझिणी जाते. ज्यूल टिनेल यांनी पहिल्या महायुद्धातील जखमींवरून १९१५ साली नोंदवलेली खूण ती हीच. शेवटी डॉक्टर त्या जागी थोडे भूल आणणारे औषध टोचतात. काही तासांपुरती आग थांबली तर बिघाडाची जागा सापडली असे समजतात.

मात्र व्रणाजवळचे प्रत्येक दुखणे चेतातंतूचे नसते, आणि इथे पुन्हा आपले शब्द उपयोगी पडतात. ठणका, लाली, ताप किंवा टाक्याच्या जागेतून पाझर असेल तर आत जंतुदोष किंवा न विरघळलेला टाका असतो. खोकताना फुगवटा येत असेल तर हर्निया परतला असेल. तो कडक झाला, आत जाईना आणि उलट्या होऊ लागल्या तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. व्रण जाड, वर उचललेला आणि खाजरा असेल तर तो कीलॉइड असू शकतो. सिझेरियन झालेल्या बाईच्या व्रणात गाठ असून ती दर महिन्याला पाळीच्या दिवसांत दुखत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तिथे रुजलेला असू शकतो. चालताना, मांडी वळवताना दुखणे वाढते तेव्हा खुब्याचा सांधा तपासावा लागतो; कंबरेतून पायात चमक जात असेल तर कणा. डीएन-४ चे गुण ही कारणे नाकारत नाहीत. म्हणून आधी ही कारणे पाहून मग चेतातंतूकडे वळणे सुरक्षित असते.

उपचारांचा पल्ला मर्यादित आहे, तोही सांगितला पाहिजे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या सूज कमी करतात. इथे सूज हे कारण नसते, त्यामुळे त्या बहुतेक वेळा पुऱ्या पडत नाहीत. धाग्यांची आणि मेरुरज्जूतल्या पेशींची भडक कमी करणारी औषधे वेगळी असतात. ॲमिट्रिप्टिलिन हे मूळचे नैराश्याचे औषध फार कमी मात्रेत रात्री देतात. गॅबापेंटिन हे मूळचे फेफऱ्याचे. चिठ्ठीवर ही नावे पाहून ‘मला वेडा ठरवले’ असे रोग्याला वाटते आणि तो गोळ्या टाकून देतो. औषध मनासाठी दिलेले नसून चेतातंतूसाठी दिलेले आहे, एवढे सांगितले तरी गोळ्या चालू राहतात. गुण यायला काही आठवडे लागतात. तोंड कोरडे पडणे, गुंगी येणे हे त्रास होतात. आणि अनेकांना आराम मिळतो तो अर्धामुर्धाच. पुष्कळ रोग्यांची आग वर्ष-दोन वर्षांत आपोआप मंदावते. ज्यांची मंदावत नाही, त्यांपैकी मोजक्यांचे दुसरे ऑपरेशन करून तो चेतातंतू काढतात. पण चेतातंतू कापला की टोकाला नवी गाठ येण्याचा धोका राहतोच, म्हणून ते टोक स्नायूत खोल दडवतात. त्या भागाचा बधिरपणा मात्र कायमचा राहतो.

मनाचा यात काहीच भाग नाही असेही नाही. ऑपरेशनआधीची मोठी धास्ती, आधीपासूनची वेदना आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांतली तीव्र, न आवरलेली वेदना यांमुळे आग टिकून राहण्याची शक्यता वाढते, असे अनेक पाहण्यांतून दिसून आले आहे. पण धोका वाढवणारी गोष्ट वेगळी आणि दुखणे खोटे असणे वेगळे. वॉल आणि गुटनिक यांच्या उंदरांना भूल दिलेली होती, तरी त्यांचे कापलेले धागे संदेश सोडतच होते.

या इतिहासातले टप्पे पाहिले तर बहुतेक ठिकाणी सुरुवात रोग्याच्या शब्दापासून झालेली आहे. मिचेलच्या सैनिकांनी ‘जळते’ म्हटले, आणि ते त्याने जसेच्या तसे लिहून घेतले. पुढे तोच शब्द डीएन-४ चा पहिला प्रश्न झाला. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी ऑपरेशन झालेले कोणी ‘आग होते’ म्हणत असेल, तर तो शब्द, आग कधी सुरू झाली ती तारीख आणि बधिर भागाची हद्द या तीन गोष्टी कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्याव्यात. नुसते ‘दुखते’ म्हटले की तपासणी व्रणापाशी थांबते. ‘इथे बधिर आहे आणि इथेच आग होते’ एवढे सांगितले की ती चेतातंतूपर्यंत पोहोचू शकते.